फेट्याच्या कडेचे सोळा पिक्सेल: प्रकल्प नोंदी

सोमवार, ६ जानेवारी २०२५

मॅडमनी आज विषय पक्का केला. लिनियर अल्जेब्राच्या प्रकल्पासाठी मी चित्र दाबून लहान करण्याची एक पद्धत घेतोय: आधी सरासरी आणि फरक काढायचे, मग जे फरक लहान आहेत ते टाकून द्यायचे. त्यांची एकच अट आहे. पहिल्या दिवसापासून संगणकाला हात लावायचा नाही, चार बाय चारचं एक चित्र कागदावर पूर्ण सोडवायचं आणि प्रत्येक आकडा कुठून आला ते सांगता आलं पाहिजे.

चित्र कुठलं घ्यायचं याचा फार विचार करावा लागला नाही. आजोबांचा एक कृष्णधवल फोटो मी दिवाळीत स्कॅन केला होता. त्यात फेट्याची कडा आणि मागचा काळसर पडदा जिथे भेटतात तिथला एक छोटा चौकोन घेतला. डावीकडे उजळ कापड, उजवीकडे अंधार, आणि कापडाला खाली जाताना थोडी सावली. ० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा. हाताने भागाकार करताना अपूर्णांकांचा त्रास नको म्हणून काही पिक्सेल थोडे इकडेतिकडे सरकवले आहेत, हे इथेच लिहून ठेवतो.

```
१६१  १४५   ८९   ८५
१४१  १४१   ८१   ७७
१३२  ११६   ८८   ९२
१३४  ११८  १०२   ९०
```

आता पहिली ओळ. शेजारशेजारच्या जोड्या करायच्या: १६१ आणि १४५ यांची सरासरी १५३, फरकाचा अर्धा ८. पुढची जोडी ८९ आणि ८५, सरासरी ८७, अर्धा फरक २. सरासरी डावीकडे, फरक उजवीकडे लिहिले की ओळ होते १५३, ८७, ८, २. फरकांना आता हात लावायचा नाही. फक्त दोन सरासऱ्यांवर तेच पुन्हा: १५३ आणि ८७ यांची सरासरी १२०, अर्धा फरक ३३. ओळ झाली १२०, ३३, ८, २.

यात काहीच हरवलेलं नाही. १२० मध्ये ३३ मिळवले की १५३, वजा केले की ८७. १५३ मध्ये ८ मिळवले की १६१, वजा केले की १४५. चार आकड्यांतून चार आकडे आले आणि परत तेच चार मिळतात. बदलला आहे तो आकड्यांचा अर्थ. पहिला आकडा अख्ख्या ओळीचा उजेड सांगतो, दुसरा डावा अर्धा उजव्यापेक्षा किती उजळ आहे ते, आणि शेवटचे दोन जोडीतल्या जोडीतला बारीक फरक.

चारही ओळींचं असं केल्यावर:

```
१२०  ३३   ८   २
११०  ३१   ०   २
१०७  १७   ८  −२
१११  १५   ८   ६
```

दुसऱ्या स्तंभाकडे बघितलं की कडा दिसते. वरच्या दोन ओळींत ३३, ३१ आणि खाली १७, १५. कड वर तीव्र आहे, खाली मऊ झाली आहे. फोटोत ते नुसत्या डोळ्यांनी मला जाणवलं नव्हतं.

मंगळवार, ७ जानेवारी

आज तीच क्रिया उभ्या दिशेने, म्हणजे कालच्या सारणीच्या प्रत्येक स्तंभावर. पहिला स्तंभ १२०, ११०, १०७, १११. सरासऱ्या ११५ आणि १०९, फरक ५ आणि −२. मग ११५ आणि १०९ यांची सरासरी ११२, अर्धा फरक ३. स्तंभ झाला ११२, ३, ५, −२. बाकीचे तीन असेच. अंतिम सारणी:

```
११२  २४   ६   २
  ३   ८  −२   ०
  ५   १   ४   ०
 −२   १   ०  −४
```

वरच्या डाव्या कोपऱ्यातला ११२ हा सोळाही पिक्सेलची सरासरी असायला हवा. बेरीज केली: ४८० + ४४० + ४२८ + ४४४ = १७९२, भागिले १६, बरोबर ११२. हाताने करताना हा ताळा मोलाचा आहे. मात्र तो फक्त सरासऱ्यांचा मार्ग तपासतो. फरकांमध्ये चिन्ह चुकलं तर ११२ तसाच राहतो, त्यामुळे उलटं जाऊन निदान एक ओळ परत मिळवून बघायलाच हवी. मी तिसरी ओळ मिळवून पाहिली, १३२, ११६, ८८, ९२ आल्या.

सोळा आकड्यांत तीन आपोआप शून्य झाले आणि सहा आकडे एक, दोन, तीन इतके लहान आहेत. मूळ चित्रात सर्वांत लहान आकडा ७७ होता. माहिती तेवढीच आहे, पण ती आता दोन-तीन आकड्यांत गोळा झाली आहे आणि बाकीच्यांच्या वाट्याला किरकोळ उरलं आहे.

ही कल्पना आल्फ्रेड हार या हंगेरियन गणितज्ञाची, ग्योटिंगेनला हिल्बर्टच्या हाताखाली लिहिलेल्या १९०९ च्या प्रबंधातली. तेव्हा चित्र दाबण्याचा प्रश्नच नव्हता. त्याला परस्परांना लंब असलेल्या फलांचा असा संच हवा होता की त्यात कुठलंही संतत फल मांडलं तर ती श्रेणी नीट त्याच फलाकडे जावी.

गुरुवार, ९ जानेवारी

मॅडमनी कागद तपासून सही केली, म्हणून आज पायथॉन. ओळीवर एक फेरी, मग अर्ध्या भागावर दुसरी फेरी, मग सारणी आडवी-उभी फिरवून तेच.

```python
import numpy as np

def feri(M, n):
    P = M.copy()
    P[:, :n//2]  = (M[:, 0:n:2] + M[:, 1:n:2]) / 2
    P[:, n//2:n] = (M[:, 0:n:2] - M[:, 1:n:2]) / 2
    return P

def oli(M):
    return feri(feri(M, 4), 2)

def badal(A):
    return oli(oli(A).T).T
```

चालवलं आणि पहिलाच आकडा ११२ आला नाही. एकाच फेरीनंतरची सारणी छापून कागदाशी ताडून पाहिली. पहिल्या ओळीत १५३ च्या जागी २५ होते. तिसऱ्या ओळीत −२ च्या जागी १२६.

पाऊण तास गेला. चूक सूत्रात नव्हती. फोटो वाचल्यावर पिक्सेल `uint8` प्रकारात येतात, म्हणजे एका बाइटमध्ये, ० ते २५५. १६१ + १४५ = ३०६ हे त्यात मावत नाही, म्हणून २५६ वजा होऊन ५० उरतात आणि त्याचा अर्धा २५. ८८ − ९२ = −४ हे ऋण, तेही मावत नाही, ते २५२ होतं आणि अर्धा १२६. अख्ख्या सारणीवर एकदम बेरीज केली की यावर कुठलीही सूचना येत नाही. `badal(A.astype(float))` केल्याबरोबर कागदावरची सारणी जशीच्या तशी आली.

ज्यांचं हातचं गणित तयार नसेल त्यांना ही चूक सापडणं कठीण, कारण उलटं जाणारा प्रोग्रामही त्याच प्रकारात चालवला तर चित्र अर्धंमुर्धं ओळखू येण्यासारखं परत येतं. मॅडमची कागदाची अट का होती ते आज कळलं. ओळखायची खूण अशी: सगळ्यांत उजळ भागातल्या सरासऱ्या काळ्या आल्या किंवा जिथे लहान ऋण फरक हवा तिथे शंभराच्या वरचा धन आकडा आला, तर आधी प्रकार तपासायचा.

शुक्रवार, १० जानेवारी

आज पहिल्यांदा आकडे टाकून दिले. थ्रेशोल्ड ३ धरला. चिन्ह सोडून जो आकडा ३ किंवा त्याहून लहान, त्याच्या जागी शून्य. तेरा आकड्यांतले सहा गेले, सात उरले:

```
११२  २४   ६   ०
  ०   ८   ०   ०
  ५   ०   ४   ०
  ०   ०   ०  −४
```

यावरून उलटं जाऊन मिळालेलं चित्र:

```
१५९  १३९   ८५   ८५
१४१  १३७   ७५   ७५
१३४  १२२   ९२  १००
१३४  १२२  १००   ९२
```

सातच आकड्यांतून इतकं जवळचं चित्र परत आलं याचा खरोखर आनंद झाला. कडा आहे, डावी-उजवी बाजू आहे. मग प्रत्येक पिक्सेलची चूक काढली, मूळ वजा नवीन:

```
  २    ६    ४    ०
  ०    ४    ६    २
 −२   −६   −४   −८
  ०   −४    २   −२
```

सोळाही चुकांच्या वर्गांची बेरीज २५६, म्हणजे सरासरी वर्गचूक १६ आणि तिचं वर्गमूळ ४.

पण या सारणीत काहीतरी खटकलं. वरच्या दोन ओळींत एकही चूक ऋण नाही. खाली जवळपास सगळ्या ऋण. चुका इकडेतिकडे विखुरलेल्या असायला हव्या होत्या. इथे वरचा अर्धा भाग एकसारखा काळवंडलाय आणि खालचा उजळलाय. सरासरी काढली तर वर बरोबर +३ आणि खाली बरोबर −३.

तीन. मी टाकलेला सर्वांत मोठा आकडा ३ च होता.

रविवार, १२ जानेवारी

सुट्टीचा दिवस, वहीत बसून हेच केलं. अंतिम सारणीतला एकच आकडा १ ठेवायचा, बाकी पंधरा शून्य, आणि उलटं जायचं. म्हणजे तो आकडा चित्रात नेमकं काय रंगवतो ते दिसतं. असे सोळा नमुने होतात. सगळे काढले, दोन इथे उतरवतो. डावा दुसऱ्या ओळीतल्या पहिल्या जागेचा, जिथे आपला ३ होता. उजवा तिसऱ्या ओळीतल्या तिसऱ्या जागेचा, जिथे ४ आहे.

```
+ + + +        + − ० ०
+ + + +        − + ० ०
− − − −        ० ० ० ०
− − − −        ० ० ० ०
```

सगळं उत्तर या दोन चौकटींत आहे. ३ हा आकडा सोळाच्या सोळा पिक्सेलवर काम करतो: वरचे आठ तीनने वाढवतो, खालचे आठ तीनने कमी करतो. ४ हा फक्त चार पिक्सेलपुरता, तोही बुद्धिबळाच्या पटासारखा एकाआड एक. मी ३ टाकला आणि ४ ठेवला. ३ टाकल्याने सोळा पिक्सेल प्रत्येकी ३ ने चुकले, वर्गांची बेरीज १६ × ९ = १४४. ४ टाकला असता तर चार पिक्सेल प्रत्येकी ४ ने चुकले असते, ४ × १६ = ६४. लहान दिसणारा आकडा टाकणं दुपटीहून महाग पडलं.

म्हणजे या सारणीतले आकडे एकाच मापाचे नाहीत. कुठल्या जागेचा आकडा किती पिक्सेलवर पसरतो ते असं:

```
१६  १६   ८   ८
१६  १६   ८   ८
 ८   ८   ४   ४
 ८   ८   ४   ४
```

सारणीतल्या अशा प्रत्येक आकड्याला सहगुणक म्हणतात. सहगुणकाचा वर्ग गुणिले हा पसारा, एवढी चूक तो टाकल्यावर वाढते. दोन सहगुणक टाकले तर दोन्ही चुकांची सरळ बेरीज होते का, हा प्रश्न उरला. होते, कारण सोळाही नमुने एकमेकांना लंब आहेत. वरच्या दोन नमुन्यांचा जागेवारी गुणाकार करून बेरीज केली तर +१, −१, −१, +१ मिळून शून्य. कुठलेही दोन घेतले तरी शून्यच. म्हणून वर्ग उलगडताना मधली पदं उडतात.

शुक्रवारच्या चुकीचा ताळा या नियमाने घेतला. टाकलेला ३: १४४. तीन वेळा २, तिन्ही आठ पसाऱ्याच्या जागी: ३२ × ३ = ९६. दोन वेळा १: ८ × २ = १६. एकूण २५६. जी संख्या परवा सोळा चुकांचे वर्ग करून आली होती तीच, चित्र परत न बनवताच आली.

आणखी एक ताळा मनासारखा जमला. ११२ सोडून बाकी सगळ्या सहगुणकांचे वर्ग गुणिले पसारा अशी बेरीज ११,११२ येते. मूळ चित्रातल्या प्रत्येक पिक्सेलमधून ११२ वजा करून वर्ग केले तरी ११,११२. त्यातले ९,२१६ एकट्या २४ चे. फेटा आणि पडदा यांच्यातला फरक, बाकी काही नाही.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. सकाळी तिळगूळ वाटून झाल्यावर मॅडमना फोन केला आणि पसाऱ्याची सारणी सांगितली. त्या म्हणाल्या, "अरे, मग २ ने भागतोसच कशाला? वर्गमूळ २ ने भाग, आणि पुन्हा बघ."

बसून पाहिलं. प्रत्येक फेरीत बेरीज आणि फरक २ ऐवजी √२ ने भागायचे. वरच्या डाव्या चार जागा चार फेऱ्यांतून जातात, दोन आडव्या आणि दोन उभ्या. तिथे आधी १६ ने भागलं जात होतं, आता ४ ने, म्हणजे आकडा चौपट होतो. खालच्या उजव्या चार जागा दोनच फेऱ्यांतून जातात, तिथे आकडा दुप्पट. मधल्या आठ जागांना तीन फेऱ्या, तिथे २√२ पट, सुमारे २.८३. हे पसाऱ्याच्या वर्गमुळांशी तंतोतंत जुळतं. नवीन सारणी, एका दशांशापर्यंत:

```
४४८.०  ९६.०  १७.०   ५.७
 १२.०  ३२.०  −५.७   ०
 १४.१   २.८   ८.०   ०
 −५.७   २.८   ०    −८.०
```

आता ३ चा १२ झाला आणि ४ चा ८. क्रम उलटला. या सारणीत सहगुणक टाकला की त्याचा वर्ग हीच चूक, जागा कुठलीही असो. "लहान" या शब्दाला आत्ता कुठे अर्थ आला. सरासरीची पद्धत समजायला सोपी आहे, ११२ हा खराखुरा सरासरी उजेड असतो आणि वर्गात शिकवताना मी तीच वापरेन. टाकायचं काय हे ठरवताना मात्र √२ चीच सारणी उघडायची.

थ्रेशोल्ड १० धरला. उरले सहा: ४४८, ९६, ३२, १७, १४.१, १२. जुन्या मापात सांगायचं तर ११२, २४, ८, ६, ५ आणि ३. दोन्ही चौके गेले. परत आलेलं चित्र:

```
१५८  १४६   ८८   ८८
१४८  १३६   ७८   ७८
१३१  ११९   ९३   ९३
१३१  ११९   ९३   ९३
```

चुकांच्या वर्गांची बेरीज २४०. शुक्रवारी सात आकडे ठेवून २५६ होती. आज एक आकडा कमी आणि चूकही कमी! वरच्या आणि खालच्या अर्ध्या भागाच्या सरासरी चुका दोन्हीकडे शून्य. सात आकडे ठेवायचेच असतील तर दोनपैकी कुठलाही एक ४ ठेवावा, मग चूक १७६ वर येते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायला हवी. एका पिक्सेलमधली सर्वांत मोठी चूक शुक्रवारी ८ होती, आज ९ आहे, शेवटच्या ओळीत १०२ च्या जागी ९३ आले तिथे. ही निवड वर्गांच्या बेरजेच्या दृष्टीने सर्वांत चांगली आहे. सर्वांत मोठी एकटी चूक कमी करण्याची हमी ती देत नाही. क्ष-किरण फोटोत एखादा बारीक ठिपकाच महत्त्वाचा असेल तर हे माप तिथे अपुरं पडेल. फेट्यावरच्या उजेडासाठी मला ते पटतं.

शुक्रवार, १७ जानेवारी

रूममेटने रात्री विचारलं, "शून्य केलंस हे खरं, पण शून्यही कुठेतरी लिहावा लागणारच ना? मग फाईल लहान कशी झाली?"

प्रश्न रास्त आहे. सारणीत दहा शून्यं झाली म्हणून जागा वाचत नाही. ती वाचते लिहिण्याच्या पद्धतीत. सर्वांत साधी पद्धत अशी: सोळा जागांसाठी सोळा बिट, जिथे आकडा आहे तिथे १, नाही तिथे ०. हे दोन बाइट. मग फक्त उरलेले सहा आकडे, प्रत्येकी एक बाइट. एकूण आठ, मूळ सोळा बाइटांच्या जागी. काहीच न टाकता हे केलं असतं तर तेरा अधिक दोन, पंधरा बाइट झाले असते, म्हणजे नुसत्या बदलाने जवळपास काहीच हाती लागत नाही. टाकणंच लागतं.

लिहायचे आकडे सरासरीच्या पद्धतीतले घेतले, कारण अर्धा फरक −१२७.५ ते १२७.५ यांतच राहतो आणि पूर्णांकात बसवला की एका बाइटमध्ये मावतो. √२ च्या पद्धतीत ४४८ मावला नसता. माझे आकडे मुद्दाम जुळवलेले असल्याने ते पूर्णांकच आहेत. खऱ्या फोटोत सोळाव्या हिश्शापर्यंतचे अपूर्णांक येतात आणि पूर्णांकात बसवताना तिथेही थोडी चूक शिरते.

या हिशोबाला खालची मर्यादाही आहे. अगदी सपाट, एकरंगी चौकोन असला तरी दोन बाइट बिटांचे आणि एक सरासरीचा, तीन बाइट लागणारच. सोळाच्या जागी तीन, त्याहून खाली नाही. त्याखाली जायचं तर चौकोन मोठा घ्यायला हवा, म्हणजे एकच सरासरी जास्त पिक्सेलना पुरेल, किंवा बिटांची ओळ आणखी हुशारीने लिहायला हवी.

रविवार, १९ जानेवारी

आज अख्ख्या फोटोचे चार बाय चारचे चौकोन करून प्रत्येकावर हेच चालवलं. थ्रेशोल्ड १० ला फोटो सुरेख दिसतो. तो वाढवत नेला तसा आधी पडदा बिघडला, फेटा नाही. हे उलटं वाटलं. बारकावे फेट्यात आहेत, पडदा तर गुळगुळीत आहे.

कारण वहीत एका ओळीत सापडलं. पडद्यावर उजेड हळूहळू वाढत जातो. अशी ओळ घेऊ: १०, २०, ३०, ४०. सरासरी २५, मोठा फरक −१०, बारीक फरक −५ आणि −५. हळू चढणाऱ्या ओळीत फरक शून्य होत नाहीत, लहान होतात फक्त. आणि लहान आहेत म्हणूनच ते सर्वांत आधी टाकले जातात. ५ टाकल्यावर परत येते १५, १५, ३५, ३५. एकसारख्या चढाच्या जागी एक पायरी. मूळ ओळीत शेजारच्या दोन पिक्सेलमध्ये १० चा फरक होता, आता मध्ये एकदम २० ची उडी आहे आणि बाकी सपाट. पडद्यावर अशा शेकडो पायऱ्या एका रांगेत आल्या की जाळी दिसते. फेट्यावरच्या घड्यांत तीच पायरी लपून जाते.

कडेचीही एक गंमत तपासली. २००, २००, ४०, ४० ही ओळ बदलून १२०, ८०, ०, ० होते, दोन आकड्यांत काम झालं. तीच कडा एक पिक्सेल उजवीकडे सरकवली, २००, २००, २००, ४०, की १६०, ४०, ०, ८० येतात. कडा तीच, तीव्रता तीच, पण ती जोडीच्या मधोमध पडल्याने एक मोठा बारीक-फरक जन्मला आणि तो टाकता येत नाही. टाकला तर शेवटचे दोन पिक्सेल १२०, १२० होऊन कडाच पुसली जाते. माझ्या चौकोनात फेट्याची कडा बरोबर दुसऱ्या आणि तिसऱ्या स्तंभाच्या मध्ये होती. चौकोन एक पिक्सेल बाजूला कापला असता तर एवढ्या कमी आकड्यांत भागलं नसतं.

जेपेग २००० मध्ये याच कुळातली, पण लांब हात पोचणारी गाळणी वापरतात. त्यातल्या ५/३ नावाच्या गाळणीत पिक्सेलचा अंदाज दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांच्या सरासरीवरून करतात आणि अंदाज व खरा आकडा यांतला फरक लिहितात. १०, २०, ३० मध्ये २० चा अंदाज (१० + ३०) ÷ २ = २०, फरक शून्य. चढ आपोआप नाहीसा होतो.

उद्या मॅडमना पडद्याचा तो तुकडा दाखवणार आहे. सोबत १०, २०, ३०, ४० ची ओळ आणि √२ ची सारणी. फेट्याच्या चौकोनाचे सहा आकडे मोठ्या कागदावर वेगळे लिहून ठेवले आहेत: ११२, २४, ८, ६, ५, ३.